अँटेना घट्ट बसली तरी सिग्नल का येत नाही? एसएमए आणि आरपी-एसएमए ओळखायची पद्धत

राउटरची अँटेना बदलायची म्हटलं की बहुतेक जण एवढंच बघतात की मागे सोनेरी आट्यांचं टोक आहे, नवीन अँटेनेलाही तसलाच नट आहे, मग बसणारच. आणि खरंच बसते, छान शेवटपर्यंत फिरते, घट्ट होते, पण रेंज आधीपेक्षा कमी येते. मग अँटेना खराब निघाली म्हणून परत पाठवा, राउटरच गेला म्हणा, कंपनीला फोन करा असं सगळं सुरू होतं, आणि खरं कारण त्या टोकाच्या आत मधोमध असतं, जिथे कोणी बघितलेलंच नसतं.

या छोट्या स्क्रूवाल्या कनेक्टरचे दोन प्रकार आहेत, एक साधा एसएमए आणि दुसरा आरपी-एसएमए म्हणजे रिव्हर्स पोलॅरिटी एसएमए. बाहेरून दोन्ही सेम टू सेम, जाडी तीच, आटे तेच (पाव इंच व्यास, एका इंचात ३६ आटे), नटाला लागणारा पानाही तोच ८ मिलिमीटरचा. म्हणून एकाचा नट दुसऱ्याच्या आट्यांवर चढतो, त्याला कोणी अडवत नाही. फरक फक्त मधल्या भागात आहे आणि सिग्नल जातो तो तिथूनच. आटे बसले यावरून काहीही सिद्ध होत नाही, ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की निम्मं काम झालं.

आधी हे टोक आतून कसं असतं ते बघू. बाहेरचा धातूचा भाग म्हणजे ग्राउंड, केबलच्या बाहेरच्या जाळीला जोडलेला. त्याच्या आत पांढरं टेफ्लॉन, ते इन्सुलेशन. आणि त्या टेफ्लॉनच्या बरोब्बर मधोमध एक बारीक सोनेरी वस्तू, जी एकतर पिन असते नाहीतर भोक असलेली नळी. पिन म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर जाडीची काडी, आणि समोरच्या नळीत ती घट्ट जाऊन बसली तरच मधली वायर जोडली जाते. नट फिरवून आपण फक्त ग्राउंड जोडतो आणि दोन्ही टोकं एकमेकांवर दाबून धरतो, मधलं जोडलं जाईल की नाही ते पिन आणि भोक समोरासमोर आहेत का यावर ठरतं.

ओळखायला दोन प्रश्न पुरतात. पहिला, आटे कुठे आहेत, आतल्या बाजूला की बाहेरच्या? आत असतील तर तो फिरणारा नट आहे, बाजारात याला मेल म्हणतात. बाहेर असतील तर ते राउटरवर दिसतं तसं स्क्रूसारखं टोक, त्याला फीमेल म्हणतात. दुसरा प्रश्न, मधोमध काय आहे, पिन की भोक? आता साध्या एसएमएमध्ये नटाच्या आत पिन असते आणि बाहेर आटे असलेल्या टोकात भोक असतं. आरपी-एसएमएमध्ये मधलं सगळं उलटं, नटाच्या आत भोक आणि बाहेर आटे असलेल्या टोकात पिन. लक्षात ठेवायचं तर एवढंच ठेवा की नटात पिन दिसली तर साधं, नटात भोक दिसलं तर आरपी. राउटरच्या बाजूने बघत असाल तर आट्यांच्या आत भोक म्हणजे साधं आणि आट्यांच्या आत पिन म्हणजे आरपी.

रिव्हर्स पोलॅरिटी या नावामुळे काही जणांना वाटतं की प्लस-मायनस उलटे आहेत, किंवा अँटेनाचं उभं-आडवं पोलरायझेशन बदलतं. दोन्ही नाही. ग्राउंड बाहेरच असतं, सिग्नल मधूनच जातो, अँटेना तशीच काम करते. फक्त मधली पिन इकडची तिकडे गेलेली असते. आटेसुद्धा उलटे नसतात, नेहमीसारखे घड्याळाच्या दिशेने फिरवूनच घट्ट होतात.

बघताना घाई करू नका, कारण इतक्या लहान जागेत डोळा फसतो. मोबाइलचा टॉर्च लावा, दुसऱ्या मोबाइलने झूम करून फोटो काढा आणि तो फोटो मोठा करून बघा, हे नुसत्या डोळ्यांनी बघण्यापेक्षा खूप सोपं पडतं. टोक सरळ समोर धरा. पिन असेल तर प्रकाशात तिचं टोक चमकतं आणि मोबाइल थोडा तिरका केला की तिची लांबी दिसते. भोक असेल तर पांढऱ्या टेफ्लॉनमध्ये बारीक सोनेरी कडं दिसतं आणि त्याच्या आत काळोख, नीट झूम केलं तर त्या कड्याला चिरा पाडलेल्याही दिसतात, पिन पकडायला ती नळी थोडी लवचिक लागते म्हणून.

आता इथे दोन फसव्या गोष्टी आहेत, त्या मात्र माहीत हव्यात. नटात पिन दिसत नाहीये म्हणजे ते आरपीच आहे असं लगेच धरू नका, कदाचित पिन तुटलेली किंवा आत ढकलली गेलेली असू शकते. खरं आरपी असेल तर मधोमध ते सोनेरी कडं स्पष्ट दिसणार. पिन मोडलेली असेल तर कडं नसतं, एकतर टेफ्लॉनच्या पातळीला मोडका ठिपका दिसतो नाहीतर नुसतं टेफ्लॉनचं रिकामं भोक, ज्याला धातूचं अस्तर नाही. याच्या उलटही होतं, बाहेर आटे असलेल्या साध्या एसएमएच्या भोकात कोणाच्या तरी अँटेनाची पिन तुटून अडकून बसलेली असते आणि बघणाऱ्याला वाटतं की हे तर आरपी आहे. त्यामुळे एकाच राउटरवर दोन-तीन सारखे पोर्ट असतील तर सगळे एकमेकांशी ताडून बघा, एकच वेगळा दिसला तर तो मोडलेला असायची शक्यता जास्त.

एकूण टोकं चार, म्हणजे नट आणि आटे यांच्या जोड्याही चारच होतात. नटात पिन आणि समोर भोक, ही साध्या एसएमएची बरोबर जोडी. नटात भोक आणि समोर पिन, ही आरपीची बरोबर जोडी. उरलेल्या दोन चुकीच्या, आणि त्या दोघींचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

पहिली चूक म्हणजे पिनेसमोर पिन. नटात पिन असलेली साधी एसएमए अँटेना तुम्ही वायफाय राउटरच्या पिनवाल्या पोर्टवर लावायला गेलात तर एक-दोन आटे धरतात आणि मग अडतं, कारण दोन्ही पिनांची डोकी एकमेकांवर आपटलेली असतात. इथे थांबलात तर काही बिघडत नाही. पण आटे नवीन असल्यामुळे घट्ट असतील असं समजून पकड घेऊन जोर लावला तर दोन्हींपैकी एक पिन वाकते नाहीतर टेफ्लॉनसकट मागे सरकते, आणि मागे सरकलेली पिन पुढे बरोबर अँटेना लावली तरी नीट टेकत नाही. हा कनेक्टर शेवटपर्यंत बोटांनीच फिरला पाहिजे. मध्येच अडला तर जोर लावायचा नाही, काढून आत बघायचं.

दुसरी चूक म्हणजे भोकासमोर भोक, आणि मला विचाराल तर जास्त त्रास हीच देते. नटात भोक असलेली आरपी अँटेना साध्या एसएमए पोर्टवर लावली की ती लोण्यासारखी शेवटपर्यंत जाते, मध्ये अडवायला काही नसतंच. हाताला वाटतं एकदम परफेक्ट बसली. पण आत दोन नळ्या तोंडाला तोंड लावून उभ्या असतात आणि मधली वायर जोडलेलीच नसते. त्यात भर म्हणजे सिग्नल पूर्ण शून्य होत नाही. इतक्या जास्त फ्रिक्वेन्सीला दोन धातूंमधल्या बारीक फटीतून थोडा सिग्नल पलीकडे उडी मारतो, अगदी छोट्या कपॅसिटरसारखा. म्हणून राउटरच्या शेजारी बसून टेस्ट केली तर सगळं चालतं आणि दुसऱ्या खोलीत गेलं की मरतं, आणि लोक भिंतींना दोष देत बसतात. फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितकी ही उडी अवघड, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला त्यातून जेवढं मिळेल त्याहून ८५० मेगाहर्ट्झच्या मोबाइल बँडला कमीच मिळणार.

मग असला घोळ घालणारा प्रकार काढलाच कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचं उत्तर अमेरिकेत आहे. तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेचा एक नियम आहे, भाग १५ मधलं कलम १५.२०३. लायसन्सशिवाय वापरायची ट्रान्समीटरवाली उपकरणं कंपनीने दिलेल्या अँटेनासकट मंजूर होतात, मग ग्राहकाने नंतर भलतीच मोठी अँटेना लावून जास्त पॉवर फेकू नये, म्हणून नियम सांगतो की अँटेना एकतर कायमची जोडलेली असावी किंवा तिची जोडणी वेगळ्याच प्रकारची असावी, बाजारात मिळणारा स्टँडर्ड जॅक चालणार नाही. कंपन्यांना नवीन कनेक्टर डिझाइन करण्यापेक्षा असलेल्याच एसएमएची मधली पिन उलटी करणं स्वस्त आणि सोपं पडलं, आणि आरपी-एसएमए वायफायमध्ये रुळलं. जुन्या लिंक्सिस डब्ल्यूआरटी५४जी राउटरवर अशीच आरपी-टीएनसी होती, तीच युक्ती, फक्त कनेक्टर मोठा. पुढे आरपी-एसएमए इतकं कॉमन झालं की आज ते कुठेही मिळतं, म्हणजे वेगळी जोडणी हा मुद्दाच राहिला नाही, पण सगळ्या जगासाठी एकच माल बनतो त्यामुळे आपल्याकडच्या दुकानातही वायफायला तेच दिसतं.

हा नियम कळला की कुठे काय सापडेल याचा अंदाज आपोआप यायला लागतो, म्हणून मी तो एवढा सांगितला. वायफाय म्हणजे लायसन्सशिवायचं ट्रान्समिशन, तिथे आरपी. फोरजीचा मॉडेम मोबाइल कंपनीच्या लायसन्सवाल्या बँडमध्ये चालतो, त्याला हे कलम लागत नाही, तिथे साधं एसएमए. जीपीएस तर नुसतं ऐकतं, पाठवत काहीच नाही, तिथेही साधं. टेल्टोनिकाचा आरयूटी९५५ राउटर घ्या, त्याच्यावर हे सगळं एका डब्यात दिसतं, एलटीईचे म्हणजे फोरजीचे दोन पोर्ट एसएमए, जीपीएसचा एक एसएमए आणि वायफायचे दोन आरपी-एसएमए. हुआवेच्या बी३१५ सारख्या फोरजी राउटरला बाहेरच्या अँटेनासाठी दिलेले दोन पोर्ट साधे एसएमए, टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या यूएसबी वायफाय अडॅप्टरची अँटेना आरपी. डेस्कटॉपमध्ये बसवायच्या वायफाय कार्डांच्या मागची टोकंही जवळजवळ नेहमी आरपी असतात. रेडिओची आवड असणारे जे एसडीआर म्हणजे कॉम्प्युटरला जोडायचे सॉफ्टवेअर रेडिओ वापरतात, आरटीएल-एसडीआरचा मेटल डबीवाला व्ही३ किंवा हॅकआरएफ, ते साधं एसएमए. लोरा या लांब पल्ल्याच्या कमी पॉवरच्या रेडिओत आणि ड्रोनच्या व्हिडिओ ट्रान्समीटरमध्ये मात्र दोन्ही सापडतात, तिथे अंदाज करूच नका, आत बघाच. आणि बाउफेंगच्या यूव्ही-५आर वॉकीटॉकीत आणखी एक गंमत आहे, तिथे रेडिओवर नट-पिनवाली मेल बाजू आणि अँटेनेवर बाहेर आटेवाली फीमेल, पण आहे ते साधंच एसएमए, फक्त बाजू बदलल्यात.

एक खरं उदाहरण सांगतो म्हणजे वरचं सगळं एकत्र दिसेल. ओळखीतल्या एका काकांनी भोरच्या बाजूला शेतावरच्या घरात फोरजी राउटर बसवून घेतला होता, कॅमेरे बघायला. राउटरला मागे चार पोर्ट, दोन एलटीई आणि दोन वायफाय, आणि पिशवीत चार काळ्या अँटेना, दिसायला जवळपास सारख्याच. बसवणाऱ्याने हाताला लागतील तशा लावल्या. तक्रार अशी होती की घरात वायफाय बरा दिसतो, मोबाइलवर कधीकधी व्हॉट्सॲप येतंही, पण कॅमेऱ्याचा व्हिडिओ पुण्यातून बघायला गेलं की काहीच येत नाही. राउटरच्या पानावर आरएसआरपी बघितला तर उणे ११६ च्या आसपास, आणि तिथेच ओट्यावर ठेवलेल्या मोबाइलला त्याच कंपनीच्या सिमवर रेंज व्यवस्थित. ज्यांना हा आकडा माहीत नाही त्यांच्यासाठी, आरएसआरपी म्हणजे टॉवरचा सिग्नल किती ताकदीने पोचतोय ते, उणे ८० म्हणजे मस्त, उणे १०० म्हणजे चालेल, उणे १२० म्हणजे धरून ठेवणंही मुश्कील.

मोबाइलला रेंज आहे आणि राउटरला नाही म्हटल्यावर संशय अँटेनावर जायलाच पाहिजे. चारही काढून टॉर्चखाली बघितल्या. एलटीई लिहिलेल्या पोर्टांत भोक होतं आणि त्यांच्यावरून निघालेल्या अँटेनांच्या नटातही भोक, म्हणजे त्या वायफायच्या आरपी अँटेना होत्या, छान शेवटपर्यंत बसलेल्या आणि आतून काहीच न जोडलेल्या. वायफायच्या पोर्टांत पिन आणि त्यांच्यावर अर्धवट अडकलेल्या अँटेनांतही पिन, म्हणजे एलटीईवाल्या तिकडे. वायफाय घरात चालत होता तो पिनेला पिन टेकलेली होती म्हणून, ग्राउंड तेवढं सैल आट्यांमधून मिळत होतं. व्हिडिओ बाहेर का जात नव्हता तेही सरळ आहे, असल्या मॉडेममध्ये ऐकायला दोन्ही अँटेना वापरतात पण पाठवायचं काम साधारणपणे एकाच, मेन लिहिलेल्या पोर्टवरून होतं, आणि त्या पोर्टची मधली वायर जोडलेली नसेल तर टॉवरपर्यंत आवाजच पोचत नाही. कॅमेऱ्याचा सगळा ट्रॅफिक अपलोडचा, त्यामुळे फटका तिथेच बसला. जोड्या बदलल्या, चारही बोटांनी शेवटपर्यंत फिरल्या, आकडा उणे ९७ वर आला आणि कॅमेरे दिसायला लागले. बसवणाऱ्याने जोर लावला नव्हता म्हणून पिना शाबूत होत्या, नाहीतर वायफायचे दोन पोर्ट गेले असते.

यात अजून एक बारीक मुद्दा आहे. कोणी म्हणेल की आरपीतून एसएमएत जायचं ॲडॉप्टर लावून वायफायची अँटेना एलटीईला वापरली असती तर? मधली वायर जोडली गेली असती, पण ती अँटेना २.४ आणि ५ गिगाहर्ट्झसाठी कापलेली असते. आपल्याकडे जिओ ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ वापरतं, एअरटेल ९००, १८००, २१००, २३००. २३०० ला कदाचित बरी चालेल, ८५०-९०० ला अगदीच वाईट, आणि खेड्यात लांबून येणारा सिग्नल बऱ्याचदा त्या खालच्या बँडचाच असतो. म्हणजे कनेक्टर जुळणं ही पहिली अट, अँटेना त्या फ्रिक्वेन्सीची असणं ही दुसरी, आणि पहिली पूर्ण झाली म्हणून दुसरी झाली असं नाही.

वायफायच्या बाबतीत अँटेना आतून जोडली गेलीये का हे आकड्यावरून तपासायचं असेल तर लिनक्स लॅपटॉपवर किंवा ओपनडब्ल्यूआरटी टाकलेल्या राउटरवर एक छान सोय आहे. कनेक्शन चालू असताना ही कमांड द्या, wlan0 च्या जागी तुमच्या इंटरफेसचं नाव, ते नुसतं `iw dev` टाइप केलं की दिसतं.

```
iw dev wlan0 station dump
```

ड्रायव्हर सपोर्ट करत असेल तर त्यात अशी एक ओळ येते.

```
signal: -53 [-54, -77] dBm
```

चौकटी कंसातले दोन आकडे म्हणजे दोन अँटेनांचे वेगवेगळे सिग्नल. दोन-चार, कधी सहा-सात डेसिबलचा फरक नॉर्मल आहे, माणूस मध्ये उभा राहिला तरी पडतो. पण एक उणे ५४ आणि दुसरा सतत उणे ७७ असेल, लॅपटॉप हलवला, जागा बदलली तरी तोच मागे राहत असेल, तर त्या बाजूची अँटेना जोडलेली नाहीये असंच समजा आणि तिचं टोक काढून बघा. विंडोजवर `netsh wlan show interfaces` ने सिग्नल टक्क्यांत दिसतो पण तो एकत्रित असतो, एक अँटेना बंद असली तरी दुसरी त्याला सांभाळून घेते, त्यामुळे तिथे ही भानगड लपते.

मल्टीमीटर असेल तर केबल आणि ॲडॉप्टर तपासायला तो उत्तम. एका टोकाच्या मधल्यापासून दुसऱ्या टोकाच्या मधल्यापर्यंत बीप यायला हवा, बाहेरच्यापासून बाहेरच्यापर्यंत बीप यायला हवा, आणि मधल्यापासून बाहेरच्यापर्यंत यायला नको. अँटेनावर मात्र हा शेवटचा नियम लावू नका, कारण काही अँटेनांची रचनाच अशी असते की मधली वायर आणि ग्राउंड डीसीला जोडलेले दिसतात, बीप आला म्हणून ती शॉर्ट झाली असं नाही.

आता खरेदी. इथे मेल-फीमेल या शब्दांनी सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. बहुतेक कंपन्या नाव बाहेरच्या आट्यांवरून ठरवतात, नट म्हणजे मेल, मग आत पिन असो की भोक. त्या हिशोबाने `RP-SMA Male` म्हणजे नट आणि आत भोक. पण काही विक्रेते मधल्या पिनेवरून मेल म्हणतात, आणि मग तेच नाव बरोबर उलट्या वस्तूला लागतं. म्हणून नाव वाचून ऑर्डर करू नका, टोकाचा समोरून काढलेला फोटो असेल तरच घ्या, आणि दुकानात किंवा चॅटवर विचारताना मेल-फीमेल न म्हणता सरळ सांगा की नट पाहिजे आणि नटाच्या आत भोक पाहिजे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या बाजूला दुकानात जात असाल तर जुनी अँटेना खिशात घेऊनच जा, काउंटरवर शेजारी ठेवून बघता येतं.

समजा डेस्कटॉपचं वायफाय कार्ड आहे आणि कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला टेकून आहे, अँटेना मागे पत्र्याच्या आड अडकलीये, तर ती टेबलावर आणायला एक्स्टेन्शन केबल लागेल. कार्डावर बाहेर आटे आणि पिन, म्हणून केबलच्या त्या टोकाला नट आणि भोक. अँटेनेला नट आणि भोक, म्हणून केबलच्या दुसऱ्या टोकाला बाहेर आटे आणि पिन. म्हणजे दोन्ही टोकं आरपी पाहिजेत, एक नटवालं आणि एक आटेवालं. बाजारात दोन्ही टोकं साधी असलेल्या अगदी तशाच दिसणाऱ्या केबल भरपूर आहेत, आणि ती चुकून आली तर कार्डाकडे पिनेला पिन अडेल आणि अँटेनाकडे भोकासमोर भोक गोडीत बसेल, एकाच केबलमध्ये दोन्ही चुका. लांबीही आखूडच घ्या, या केबल बऱ्याचदा आरजी१७४ नावाच्या बारीक वायरीच्या असतात आणि २.४ गिगाहर्ट्झला एका मीटरमागे साधारण दोन डेसिबल खातात, ५ गिगाहर्ट्झला त्याहून जास्त. तीन डेसिबल म्हणजे निम्मी पॉवर, तेव्हा तीन मीटरची केबल घेऊन काही मिळवलं असं होत नाही.

ॲडॉप्टर वाईट नसतं, चांगल्या पितळी ॲडॉप्टरमध्ये सिग्नलचं नुकसान अगदी थोडं होतं. पण अँटेना जड असेल तर त्या लांबलेल्या जोडाचं सगळं वजन राउटरच्या इवल्याशा जॅकवर येतं आणि जॅक हलायला लागतो. बाहेरच्या मोठ्या अँटेनाची जाड केबल असेल तर ॲडॉप्टरवर ॲडॉप्टर न चढवता एक फूटभराची मऊ केबल मध्ये घ्या, जिची एक बाजू राउटरला जुळते आणि दुसरी त्या जाड केबलला, आणि जाड केबल भिंतीला क्लिपने बांधून टाका.

लावताना फक्त नट फिरवा, अँटेनाचा दांडा किंवा केबल नाही. दांडा फिरवला की पिन समोरच्या नळीत गरगर फिरते, सोन्याचा मुलामा खरवडला जातो आणि नळीच्या चिरा सैल पडतात. या कनेक्टरची क्षमता साधारण ५०० वेळा काढ-घाल करण्याची धरतात, पण ती सरळ लावलं तर. पान्याने आवळायची गरज घरात नसते, पितळी कनेक्टरला अर्धा न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क पुरतो, म्हणजे बोटांनी घट्ट करून वर जेमतेम एक हलकासा पीळ. अँटेनासोबत राउटरवरचा आटेवाला भागच गोल फिरायला लागला तर लगेच थांबा, त्याच्या मागचा चपटा नट सैल झालाय आणि आतली बारीक केबल पिळली जातेय.

आणि पोर्टची पिन मोडलीच असेल तर बऱ्याच राउटर आणि कार्डांमध्ये तो जॅक बोर्डाला सोल्डर केलेला नसतो, आत एका वीतभर बारीक वायरने जोडलेला असतो, तिला पिगटेल म्हणतात, ती वेगळी मिळते आणि स्वस्त असते. मात्र झाकण उघडून बोर्डाकडचं टोक आधी बघा. तिथे बटणासारखं दाबून बसणारं यू.एफएल असतं, पण हल्लीच्या एम.२ वायफाय कार्डांवर त्याहून लहान एमएचएफ४ असतं आणि ही दोन एकमेकांवर बसत नाहीत. शिवाय यू.एफएल तीसेक वेळाच काढ-घाल सहन करतं, तेव्हा नवीन पिगटेल बसवायच्या आधीच तिच्या बाहेरच्या टोकात पिन आहे की भोक ते टॉर्चखाली बघून घ्या, झाकण लावल्यावर नको.